बटण दाबलं की दिवा लागतो, सोडलं की विझतो : असिंक्रोनस टॉगलमधली क्रिटिकल रेस

पन्हाळ्याचं_धुकं

नमस्कार. क्लॉक न वापरता टॉगल करायचं आहे. एक बटण x, एक दिवा z. पहिल्यांदा दाबलं की दिवा लागावा आणि बोट उचलल्यावरही लागलेला राहावा. दुसऱ्यांदा दाबलं की विझावा आणि विझलेलाच राहावा. चार स्टेट निघाल्या, त्यांना सरळ बायनरी क्रमाने नंबर दिले :

```
स्टेट   y1y2   x=0   x=1   z
अ       00     अ     ब     0
ब       01     क     ब     1
क       10     क     ड     1
ड       11     अ     ड     0
```

के-मॅप सोडवून हे आलं :

```
Y1 = x'·(y1 ⊕ y2) + x·y1
Y2 = x
z  = y1 ⊕ y2
```

सिम्युलेशनमध्ये टॉगल व्यवस्थित होतं. ब्रेडबोर्डवर (74HC86 आणि 74HC00, ५ व्होल्ट) मात्र दारावरच्या बेलसारखं वागतं. दाबून धरलं तोवर दिवा, सोडला की गुल. कधी पॉवर देतानाच दिवा लागलेला येतो आणि मग सगळं उलटं, म्हणजे दाबलं की विझतो, सोडलं की लागतो. क्वचित मध्येच या दोन वागण्यांची अदलाबदलही होते. बटणाला १० किलोओहम, १ मायक्रोफॅरड आणि 74HC14 लावलेलं आहे. आयसी बदलून पाहिले, फरक नाही. टेबल चुकलंय की वायरिंग?

उद्यमनगर_वायरमन

भावा, बटणाचं बाउन्सिंग असणार. दुसरं काय असतंय अशा सर्किटात. एका दाबात दहा वेळा चालू-बंद होतंय, शेवटी कुठं थांबेल ते नशीब.

पन्हाळ्याचं_धुकं

दादा, स्कोपवर 74HC14 चं आउटपुट बघितलं, एका दाबाला एकच कडा आहे.

सोल्डरताई

बाउन्स नाही हे स्कोपशिवायही ओळखता येतं. बाउन्सचं वागणं लॉटरीसारखं असतं, इथे मात्र चूक जवळजवळ दर वेळी तीच आहे. खात्री हवी असेल तर बटण आणि त्याचा कपॅसिटर काढून फंक्शन जनरेटरचा १ हर्ट्‌झचा स्क्वेअर वेव्ह ० ते ५ व्होल्ट द्या. टॉगल चालत असेल तर z ची वारंवारता निम्मी दिसली पाहिजे. तुम्हाला १ हर्ट्‌झच दिसेल, कधी सरळ, कधी उलटा.

फ्लो टेबल बरोबर आहे आणि वायरिंगही बरोबर असणार. गडबड आहे ती स्टेटना दिलेल्या नंबरांत.

टेबलचा फक्त x=0 चा कॉलम घ्या आणि बटण सोडल्याचा क्षण पाहा. सर्किट ब मध्ये म्हणजे 01 वर आहे, जायचंय क ला म्हणजे 10 वर. दोन्ही बिट बदलायचे आहेत. कागदावर ते एकदम बदलतात. बोर्डावर एक आधी बदलणार, दुसरा नंतर, आणि मधल्या काळात सर्किट तिसऱ्याच नंबरावर उभं असणार. y2 आधी पडला तर मधला नंबर 00. x=0 च्या कॉलममध्ये 00 म्हणजे अ, आणि अ तिथे स्थिर आहे. सर्किटच्या दृष्टीने पोचायची जागा आली, आता y1 ला बदलायचं काही कारणच उरलं नाही. दिवा विझला. तुमची बेल ती हीच.

आता तुमचंच समीकरण पुन्हा वाचा. Y2 = x. म्हणजे y2 हा मेमरीचा बिट उरलेलाच नाही, बटणाची तार आहे ती. बटण सुटलं की y2 शून्य डिलेने पडतो, आणि y1 ला इन्व्हर्टर, एक्सऑर, मग दोन गेट पार करून यायचं असतं. शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागलेला. y1 कधी बदलतच नाही, त्यामुळे z = x ⊕ y1 मध्ये y1 कायमचा एकच. पॉवर देताना तो 0 आला तर बेल, 1 आला तर उलटी बेल. क्वचित अदलाबदल होते त्याचं कारण असं की 74HC86 चं एक्सऑर इन्व्हर्टरपेक्षा थोडं सुस्त असतं. बटण सुटल्यावर x' वर आलेला असतो आणि एक्सऑरने जुनं उत्तर अजून सोडलेलं नसतं, अशी काही नॅनोसेकंदांची फट राहते. त्यातून एखादा टोचा निसटतो आणि y1 ला उलटवून जातो.

दुसरी बाजूही तितकीच वाईट आहे. ड कडून अ कडे जाताना 11 चं 00 व्हायचंय. तिथे y2 आधी पडला की मधला नंबर 10, म्हणजे क, आणि क सुद्धा x=0 ला स्थिर. विझवायला गेलात तर सोडल्यावर पुन्हा लागलेला.

उद्यमनगर_वायरमन

म्हणजे y2 लई घाईत आहे, एवढंच ना? मग त्याला जरा मागं ओढायचा. y2 च्या तारेत १० किलोओहम आणि जमिनीला १०० नॅनोफॅरड टाक, y1 ला वेळ मिळतोय. स्टेट बदलून सगळी वायर परत कोण उपटणार?

सोल्डरताई

वायरमन दादा, दिशा बरोबर आहे, माप मात्र साफ चुकलंय. y2 ला उशीर केला तर सर्किट चालू शकतं. पण किती उशीर?

बटण सुटलं आहे आणि y2 अजून 1 च आहे, एवढाच काळ पाहा. त्या काळात Y1 = y1 ⊕ 1, म्हणजे Y1 = y1'. गेट स्वतःच्याच आउटपुटचं उलटं करून स्वतःला देतंय. y1 0 चा 1 होईल, एक फेरी झाली की पुन्हा 0, पुन्हा 1. y2 पडेल त्या क्षणी y1 जिथे असेल तिथे अडकेल. म्हणजे y2 चा उशीर y1 च्या एका फेरीपेक्षा जास्त आणि दोन फेऱ्यांपेक्षा कमी हवा. 74HC मध्ये फेरी काही दहा नॅनोसेकंदांची. तुमचा १० किलोओहम-१०० नॅनोफॅरड म्हणजे १ मिलिसेकंद. तेवढ्यात y1 हजारो कोलांट्या मारून बसेल, आणि आता मात्र खरोखरच लॉटरी लागेल.

सिम्युलेशन का फसवतं तेही इथेच दिसतं :

```verilog
`timescale 1ns/1ps
assign #5 y1 = x ? y1 : (y1 ^ y2);
assign #5 y2 = x;
```

दोन्हीकडे 5 आहे तोवर टॉगल सुरेख चालतं, कारण दोन्ही बिट खरंच एकाच क्षणी बदलतात. दुसऱ्या ओळीत 3 करा, बेल मिळेल. 7 करा, पुन्हा टॉगल. 12 करा, पुन्हा बेल, पण या वेळी y1 आधी एकदा वर जाऊन खाली येताना दिसेल. सुरुवातीला y1 हा X असतो आणि आपणहून त्यातून बाहेर येत नाही, म्हणून x=0 ठेवून त्याला `force` ने 0 वर २० नॅनोसेकंद धरा आणि मग `release` करा.

सिम्युलेटर खोटं बोलत नाही. तुम्ही त्याला सांगितलंत की दोन्ही तारांचा उशीर तंतोतंत सारखा आहे, त्याने ते मानलं.

उद्यमनगर_वायरमन

मग १०० नॅनो नको, ४७ पिको टाकतो आणि रेझिस्टर कमी करतो. बसलं नेमकं तर बसलं.

सोल्डरताई

बसेलही. त्या बोर्डावर, त्या आयसीवर, त्या दिवशीच्या उन्हात. व्होल्टेज ५ वरून ४.५ झालं की फेरीचा वेळ बदलतो. एकच नग करायचा असेल आणि स्कोप समोर असेल तर मी भांडणार नाही. पन्नास नग करायचे असतील तर नंबर बदला.

पन्हाळ्याचं_धुकं

ताई, नंबर बदलायचे म्हणजे ग्रे कोड ना? अ=00, ब=01, क=11, ड=10?

सोल्डरताई

हो. पण 'ग्रे कोड द्या' असं पाठ करू नका, तो इथे चालला त्याचं कारण बघा. चार ठिपके काढा आणि टेबलमध्ये ज्या ज्या स्टेटमधून ज्या स्टेटला उडी आहे तिथे रेघ ओढा. अ-ब, ब-क, क-ड, ड-अ. चौकोन झाला. दोन बिटांचे चार नंबर एकेका बिटाच्या फरकाने जोडले तर तोही चौकोनच होतो, म्हणून एक दुसऱ्यावर चपखल बसतो. कर्ण नाही, म्हणून दोन बिट एकदम बदलायची वेळ कुठेच येत नाही.

```
स्टेट   y1y2   x=0   x=1   z
अ       00     00    01    0
ब       01     11    01    1
क       11     11    10    1
ड       10     00    10    0

Y1 = x'·y2 + x·y1  + y1·y2
Y2 = x'·y2 + x·y1' + y1'·y2
z  = y2
```

दिवा थेट y2 वर. आता Y2 ही खरी मेमरी आहे, तार नाही.

सामान : पाच दोन-इनपुट नँड लागतील (x'·y2 दोघांना सामाईक), x' आणि y1' साठी दोन नँड इन्व्हर्टर म्हणून, म्हणजे सात. दोन 74HC00 मध्ये आठ असतात, एक उरतं. शेवटची दोन तीन-इनपुट नँड एका 74HC10 मधून. उरलेल्या गेटचे इनपुट जमिनीला किंवा ५ व्होल्टला बांधा, लोंबकळत ठेवू नका. प्रत्येक आयसीच्या पॉवर पिनला चिकटून १०० नॅनोफॅरड.

पन्हाळ्याचं_धुकं

के-मॅपमधून y1·y2 आणि y1'·y2 येत नाहीत. ती दोन पदं काढली तरी टेबल तेच राहतं. मग दोन गेट वाचवू नयेत का?

सोल्डरताई

टेबल तेच राहतं, सर्किट तेच राहत नाही. ब मध्ये बटण दाबून धरलेलं आहे असं समजा : y1=0, y2=1. y2 ला x·y1' ने धरून ठेवलंय. बटण सोडलं की हे पद लगेच हात सोडतं. त्याच्या जागी x'·y2 ने धरायचं, पण x' इन्व्हर्टरमधून येतो, म्हणजे एका गेटने उशिरा. तेवढ्या फटीत y2 ला कोणीच धरलेलं नाही. तो खाली आला आणि फिरून आत पोचला की x'·y2 सुद्धा उठणार नाही. पोचलात 00 वर. दिवा विझला, म्हणजे लक्षण पुन्हा बेलचंच, पण कारण वेगळं. नंबर बरोबर असूनही हे होतं, म्हणून भल्याभल्यांची गफलत होते. y1'·y2 हे पद त्या फटीत y2 ला धरून ठेवतं, कारण त्यात x च नाही.

y1·y2 ची गरज त्या मानाने कमी पडते. क मधून बटण दाबताना x·y1 आधी धरतं आणि x'·y2 नंतर सोडतं, त्यामुळे साध्या वायरिंगमध्ये फट पडत नाही. तरी ठेवा. x ची एखादी तार लांबून आली तर हा क्रम उलटू शकतो.

दोन्ही चुका वेगळ्या ओळखायच्या तर स्कोपचं एक चॅनल y1 वर आणि एक y2 वर लावा, ट्रिगर x च्या पडत्या कडेवर. जुन्या नंबरांत y2 तडक पडलेला आणि y1 जागचा हललेला नाही असं दिसेल. नवीन नंबरांत पद विसरलात तर y2 पडताना y1 वर एखादा अर्धवट टोचा दिसू शकतो, कारण Y1 ने वर जायला सुरुवात केलेली असते.

शिरोली_पॅनल

इथे रेसबद्दल बोलणं चाललंय म्हणून विचारतो. २४ व्होल्ट डीसी रिलेचं कन्व्हेयर पॅनल आहे, फौंड्रीतलं. K2 म्हणजे 'चालू', K1 म्हणजे 'फॉल्ट'. K2 ओढलेला आणि K1 पडलेला असेल तरच काँटॅक्टर बसतो. ओव्हरलोड आला की K1 ओढतो आणि मोटर थांबते. रिसेट दाबलं की दोन्ही पडले पाहिजेत आणि परत स्टार्ट दाबल्याशिवाय मोटर फिरायला नको. K2 चा रिले जळाला म्हणून नवा लावला. तेव्हापासून रिसेट दाबलं की मोटर आपोआप फिरते. कधीतरी फिरत नाही. अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे का? सगळं पीएलसीवर टाकलं तर हा विषयच संपेल ना?

सोल्डरताई

अर्थिंग नाही. आधी एक सांगते, हे सुटेपर्यंत रिसेट दाबताना कन्व्हेयरजवळ माणूस उभा राहू देऊ नका, मेन आयसोलेटर बंद करूनच आत हात घाला.

K1 च्या होल्डिंगमध्ये रिसेटचा एनसी काँटॅक्ट आहे का? आणि चालू मोटरमध्ये कोणी चुकून रिसेट दाबलं तर मोटर थांबू नये म्हणून K2 च्या होल्डिंगमध्ये रिसेटच्या एनसीला K1 चा एनसी पॅरलल दिलाय का?

शिरोली_पॅनल

दोन्ही तसंच आहे. ड्रॉइंग न बघता कसं कळलं?

सोल्डरताई

तसं असल्याशिवाय हे लक्षण येत नाही. K1K2 असे नंबर मांडा. थांबलेलं 00, चालू 01, फॉल्ट 11. रिसेटने 11 चं 00 व्हायचंय, दोन्ही रिले एकदम. K1 आधी पडला तर मधला नंबर 01, म्हणजे 'चालू'. आणि रिसेट दाबलेलं असताना 'चालू' स्थिर राहावं ही सोय तुमच्या पॅनलमध्ये मुद्दाम केलेली आहे : K1 चा एनसी मिटला, K2 अजून पडलेला नाही, त्याला पुन्हा होल्डिंग मिळालं. मोटर फिरली. K2 आधी पडला तर सगळं ठीक. जुन्या रिलेत K2 आधी पडत होता, इतकंच.

नव्या रिलेच्या कॉइलवर डायोड आहे का बघा. डायोड असला की सप्लाय तुटल्यावर करंट कॉइलमध्येच फिरत राहतो आणि रिले सुटायला जास्त वेळ घेतो. K2 ला डायोड आणि K1 ला नाही, म्हणजे K1 जवळजवळ दर वेळी आधी पडणार.

शिरोली_पॅनल

बघितलं. नव्यात डायोड आतच आहे, जुन्यात नव्हता. मग K1 ला पण डायोड लावला की झालं?

सोल्डरताई

त्याने दोघे बरोबरीत येतील, म्हणजे कधी हा आधी, कधी तो. ते आजच्यापेक्षा वाईट. आज निदान दिसतंय तरी.

वाट ठरवून द्या. दोन रिलेत चार नंबर असतात, तुम्ही तीनच वापरलेत, 10 रिकामा आहे. फॉल्टपासून थांबलेल्याकडे जाताना 11, मग 10, मग 00 असं चालवा. प्रत्येक पावलाला एकच रिले पडतो. वायरिंगमध्ये याचा अर्थ एवढाच की K1 च्या होल्डिंगमधून रिसेट काढून टाका आणि त्या जागी K2 चा एनओ घाला :

```
K1 = K2·(ओव्हरलोड + K1)
K2 चं होल्डिंग = K2·(रिसेट_एनसी + K1_एनसी)
```

रिसेट दाबलं की पडू शकतो तो फक्त K2. K2 पडल्याशिवाय K1 सुटूच शकत नाही. K1 सुटेपर्यंत K2 उघडलेला असतो, त्यामुळे 01 वाटेत लागतच नाही, डायोड कुणालाही असो.

10 चं काय करायचं ते सगळ्या कॉलममध्ये ठरवलेलं हवं. कोणी रिसेट टिचकीसारखं दाबून सोडलं तर 10 वर असतानाच कॉलम बदलतो. वरच्या वायरिंगमध्ये 10 वरून K1 कुठल्याही कॉलममध्ये पडतोच, कारण त्याचं होल्डिंग K2 वर आहे. स्टार्टच्या फांदीत K1 चा एनसी आणि ओव्हरलोडचा एनसी सिरीजमध्ये घाला, म्हणजे ओव्हरलोड मिटलेला नसताना स्टार्ट दाबून मोटरला झटका बसणार नाही. स्टॉप तुमचा K2 ला पाडत असेल तर आता स्टॉपनेही फॉल्ट पुसला जाईल, ते चालणार आहे का ते तुम्ही ठरवा.

उद्यमनगर_वायरमन

हे मात्र पटलं. पण एक सांगा ताई, चालू असताना रिसेटने मोटर थांबली तर बिघडतंय कुठं? K1 चा एनसी पॅरललमधून काढून टाकला तर?

सोल्डरताई

अगदी योग्य प्रश्न. तो काढला तर रिसेटच्या कॉलममध्ये स्थिर जागा एकच उरते, 00. मग 11 वरून निघून 01 ने जा की 10 ने जा, शेवट तोच. रेस आहे, पण निकाल बदलत नाही, म्हणून ती क्रिटिकल नाही. मात्र 01 वरून जाताना काही मिलिसेकंद काँटॅक्टरच्या कॉइलला सप्लाय मिळतो. काँटॅक्टर टकटकेल, एखाद्या वेळी बसेलही. मोटरच्या बाबतीत मी ते स्वीकारणार नाही, दिव्याच्या बाबतीत चाललं असतं.

गुऱ्हाळ_लॉजिक

पीएलसीचा प्रश्न राहिला म्हणून थोडक्यात. पीएलसी एका स्कॅनमध्ये लॅडरचे रंग, म्हणजे पायऱ्या, वरून खाली सोडवतो, त्यामुळे K1 आधी की K2 आधी हे रिलेचं वय ठरवत नाही, रंगचा क्रम ठरवतो. चूक असेल तर ती दर वेळी तीच येईल. उलट, हेच जुनं ड्रॉइंग जसंच्या तसं लॅडरमध्ये उतरवलं आणि K1 चा रंग वर ठेवला तर रिसेट दाबल्यावर मोटर शंभर टक्के वेळा फिरेल. विषय संपत नाही, पक्का होतो.

निवृत्त_मास्तर_राजारामपुरी

चर्चा चांगली चालली आहे, पण स्टेट असाइनमेंट नीट केली की सर्किट निर्धास्त, असा समज वाचणाऱ्यांचा होऊ नये. टॉगलमध्ये आणखी एक खोड आहे आणि ती कुठलाही नंबर देऊन जात नाही. स्टीफन अंगर यांनी १९५९ साली ती दाखवून दिली. ओळखायची रीत सोपी आहे : एखाद्या स्थिर जागेवरून इनपुट एकदा बदला आणि कुठे पोचता ते पाहा. मग त्याच जागेवरून तेच इनपुट तीनदा बदला. पोचायची जागा वेगळी आली तर खोड आहे. अ वरून एकदा दाबलं तर ब. दाबलं, सोडलं, दाबलं तर ड. वेगळी आली.

प्रत्यक्षात काय होतं? अ मध्ये बटण दाबलं. x वर गेला, y2 वर आला. पण x' अजून खाली आलेला नाही असं समजा. मग x'·y2 खरं होतं, Y1 ला वाटतं बटण सुटलं, y1 वर जातो आणि x·y1 त्याला तिथेच धरून ठेवतं. x' शेवटी खाली येतो तेव्हा सर्किट 10 वर, म्हणजे ड. दिवा डोळ्याला न दिसेल इतका क्षण लागून विझलेला. सोडलं की अ. बाहेरून बघणाऱ्याला बटण मेल्यासारखं वाटतं.

सोल्डरताई

सर, एकाच घराण्यातले आयसी असतील तर x' एका गेटने उशिरा आणि y2 किमान दोन गेटने. एका गेटचं अंतर हाताशी राहतं.

निवृत्त_मास्तर_राजारामपुरी

राहतं, म्हणूनच प्रयोगशाळेत चालतं. पण इन्व्हर्टर म्हणून घरात पडलेला CD40106 लावला तर ५ व्होल्टवर त्याचा उशीर शंभर नॅनोसेकंदांच्या घरात जातो आणि अंतर संपतं. त्याहून नेहमीची चूक म्हणजे डिबाउन्सच्या कपॅसिटरवरून एक तार थेट एखाद्या नँडला आणि दुसरी श्मिट ट्रिगरमधून इन्व्हर्टरला. कपॅसिटरवरचं व्होल्टेज मिलिसेकंदांत चढतं, प्रत्येक गेटचा उंबरठा वेगळा, म्हणजे x आणि x' मध्ये मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत फरक पडतो. x ज्यांना ज्यांना हवा त्या सगळ्यांनी 74HC14 च्या एकाच पिनवरून घ्यावा आणि x' त्यानंतरच्या नँडमधून काढावा.

एवढं करूनही भरवसा नसेल तर y2 च्या फीडबॅकमध्ये दोन इन्व्हर्टर सिरीजमध्ये टाकावेत. आधी ज्या कपॅसिटरवर वाद झाला तो उशीर इथे न्याय्य आहे, कारण इथे खालची मर्यादा आहे, वरची नाही. उशीर जास्त झाला तर सर्किट सुस्त होईल, चुकणार नाही.

उद्यमनगर_वायरमन

म्हणजे कपॅसिटरवाला पण अगदीच खुळा नव्हता तर.

पन्हाळ्याचं_धुकं

नवीन नंबरांनी जोडलं. जनरेटरवर १ हर्ट्‌झ दिलं, z वर अर्धा हर्ट्‌झ मिळतोय. १ मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढवलं तरी निम्माच येतोय. y1'·y2 ची तार मुद्दाम काढून पाहिली (त्या इनपुटला ५ व्होल्ट दिले) तर बेल दर वेळी नाही झाली, कधी झाली कधी नाही.

आता दोन प्रश्न. पॉवर देताना कधी कधी दिवा लागलेला येतो, तो कसा टाळायचा? आणि तीन बटणांचं मोठं टेबल आहे, त्यात पाच स्टेट आहेत आणि रेघा ओढल्या तर त्रिकोण होतो. तो दोन बिटांच्या चौकोनावर बसत नाही.

सोल्डरताई

पहिला सोपा आहे. x=0 ला अ आणि क दोन्ही स्थिर आहेत, पॉवर कुठेही उतरवेल. पहिल्या फळीची पाचही नँड तीन-इनपुटची करा आणि तिसरी पिन रिसेटला जोडा, रिसेट खाली असताना पाचांचं आउटपुट 1 आणि y1, y2 दोन्ही 0. पहिल्या फळीची पाच, दुसऱ्या फळीची दोन, इन्व्हर्टर दोन : नऊ गेट, म्हणजे बरोबर तीन 74HC10, एकही वाया नाही. रिसेटसाठी रेझिस्टर-कपॅसिटर लावाल तर तोही श्मिट ट्रिगरमधून काढा. रिसेट सुटताना बटण दाबलेलं असेल तर दिवा लागेल, ते टेबलप्रमाणेच आहे.

दुसऱ्याला नियम एकच : कुठल्याही नंबरांच्या जाळ्यात, कितीही बिट घ्या, त्रिकोण बसत नाही. एका बिटाच्या फरकाने चालत निघालात तर जागेवर परत यायला सम संख्येनेच पावलं लागतात. मग त्रिकोणाच्या एका बाजूवर रिकामा नंबर मध्ये घालायचा, जसा शिरोलीकरांच्या पॅनलमध्ये 10 घातला. पाच स्टेटना तीन बिट लागतातच, म्हणजे तीन नंबर रिकामे आहेत.

निवृत्त_मास्तर_राजारामपुरी

किंवा प्रत्येक स्टेटला स्वतःचा एक बिट द्यावा. 10000 वरून 01000 ला जाताना आधी नवा बिट लागतो, 11000, मग जुना विझतो. गेट जास्त, डोक्याला ताप कमी. जेम्स ट्रेसी यांची १९६६ ची रीत याच्या उलट टोकाची आहे. तिच्यात एकाच पावलात कितीही बिट बदलू द्यायचे, फक्त एकाच कॉलममधल्या दोन वेगळ्या वाटा निदान एका बिटाने कायम अलग राहतील असे नंबर निवडायचे. सर्किट वेगवान होतं, पण पाच स्टेटला हाताने नंबर शोधायचे म्हणजे अख्खा रविवार.

सोल्डरताई

पाच स्टेटसाठी ट्रेसी मला तरी जड वाटतं, सर. तीन बिटांत रिकाम्या नंबरांवरून वळवलं की पुरतं.

निवृत्त_मास्तर_राजारामपुरी

वळवताना प्रत्येक मधल्या पावलाला z काय दाखवतो ते तपासलंत तरच. आणि एका कॉलममधल्या दोन वाटा एकाच रिकाम्या नंबरावरून नेल्या आणि त्यांना पोचायचंय वेगवेगळ्या ठिकाणी, तर दोन्ही बुडाल्या. टेबल पाहिल्याशिवाय मी पुरतं म्हणणार नाही.

पन्हाळ्याचं_धुकं

टेबल उद्या टाकतो. बटणं तीन आहेत, पण दोन एकदम दाबली तर काय करायचं हे त्यात लिहिलेलंच नाहीये.

गुऱ्हाळ_लॉजिक

मग आधी ते लिहा. या धाग्यातला सगळा हिशोब एका वेळी एकच इनपुट बदलतं आणि सर्किट स्थिरावेपर्यंत दुसरं हलत नाही, असं धरून केलेला आहे.